शनिवारी लेग डे, रात्री पार्टी, रविवारी मॅच: पाय नेमके कशानं जातात?

रंकाळा_राईट_विंग
मंडळी, वय ३४, वजन ७४ किलो, आठवड्यातून चार दिवस जिम. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला पायांचा व्यायाम असतो: स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट आणि शेवटी लंजेस. नऊच्या सुमाराला मित्रांबरोबर बसतो. तांबडा-पांढरा, मटण आणि चार लार्ज व्हिस्की, हे बारापर्यंत चालतं. रविवारी सकाळी साडेसहाला पेठेतल्या जुन्या खेळाडूंची फुटबॉल मॅच असते.

पहिला हाफ निभतो. दुसऱ्या हाफला विंगवरून पुढं पळालो की परत मागं यायला पायात जीव राहत नाही. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा स्क्वॉटला उभा राहिलो की नेहमीचंच वजन खांद्यावर जड लागतं. डोकं दुखत नाही, मळमळ नाही, म्हणजे हँगओव्हर म्हणावा असं काही नसतं.

हे दारूमुळं होतंय की शनिवारच्या लेग डेमुळं? आणि दारूमुळं असेल तर शरीरात बिघडतं काय? प्यावी की नाही हा वेगळा विषय आहे, तो इथं नको. मला आत काय होतं ते समजून घ्यायचंय.

नादखुळा_७७
भावा, बाराला उठून घरी जायचं, एकला झोपायचं आणि साडेसहाला ग्राउंडवर? असल्या झोपेवर मी साधं ताक पिऊन आलो असतो तरी पहिल्या हाफलाच बसलो असतो.

लोखंडी_दादा
मी बारा वर्षं ट्रेनर आहे, रोज हेच बघतो. सगळा खेळ पाण्याचा आहे. दारूनं लघवी जास्त होते, शरीर सुकतं आणि सुकलेला स्नायू चालत नाही. प्रत्येक पेगमागं एक ग्लास पाणी, झोपताना इलेक्ट्रॉल आणि व्यायाम झाल्याझाल्या प्रोटीन शेक. वर तुम्ही मटण खाताय, म्हणजे प्रोटीनची काळजीच नाही. एवढं केलं तर चार पेगनी काही बिघडत नाही.

स्नेहल_क
पण मुळात घेऊन व्यायाम करायचाच कशाला? आमच्या जिममध्ये एकजण संध्याकाळी वास मारत येतो, बेंचवर वजन घेतो. कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे?

रंकाळा_राईट_विंग
स्नेहलताई, मी घेऊन व्यायाम करत नाही. व्यायाम आधी होतो, पार्टी नंतर. दुसऱ्या दिवसाबद्दल विचारतोय.

फिजिओ_मीरा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्थानिक फुटबॉल खेळाडूंवर काम करते, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं दर हंगामात येतो. आधी हिशेब मांडू, कारण "चार पेग" म्हणून काहीच कळत नाही.

आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. लार्ज म्हणजे ६० मिली, त्यात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. चार लार्ज म्हणजे ८० ग्रॅम. तुमचं वजन ७४, म्हणजे किलोमागं एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात २०१० मध्ये जवळपास याच प्रमाणावर प्रयोग झाला. त्यांनी लोकांना मांडीचा फार कठीण व्यायाम दिला. एका पायानं, मशीनवर, ३०० वेळा. त्यातही फक्त तो भाग, जिथं स्नायू ताणला जात असताना जोर लावतो. तुमच्या स्क्वॉटमध्ये वजन घेऊन खाली बसताना जे होतं, तेच. स्नायूच्या धाग्यांना सगळ्यात जास्त इजा याच भागात होते, वर उठताना नाही. त्यानंतर एकदा व्होडका आणि संत्र्याचा रस दिला, किलोमागं एक ग्रॅम अल्कोहोल होईल इतका. दुसऱ्या वेळी दुसऱ्या पायाचा व्यायाम घेऊन नुसता रस दिला.

३६ तासांनी ताकद मोजली तर दोन्ही वेळा ती उतरलेली होती, ते साहजिकच आहे. पण व्होडकाच्या वेळी ती बरीच जास्त उतरली होती. आणि जी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती ही, की दुखणं दोन्हीकडं साधारण सारखंच होतं. "पाय दुखत नाहीत, म्हणजे ठीक आहेत" हा अंदाज इथं फसतो.

त्याच गटानं पुढं हेही पाहिलं की ज्या पायानं व्यायामच केला नव्हता, त्याची ताकद दारूनं अशी उतरली नाही. म्हणजे नुसत्या दारूचा हा परिणाम नाही आणि नुसत्या व्यायामाचाही नाही. इजा झालेल्या स्नायूवर दारू पडली की ताकद आणखी उतरते. तुमचा शनिवार नेमका असाच आखलेला आहे: साडेसहाला इजा, नऊला दारू.

पेठेचा_वाघ
मॅडम, मान आहे, पण माझा अनुभव उलटा आहे. लग्नात रात्री दोनपर्यंत तीन पेग झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी १६० ची डेडलिफ्ट ओढली, आजवरचं सगळ्यात मोठं वजन. प्रयोगशाळेतल्या मशीनवर काय होतं ते सोडा, मी स्वतः उचललंय.

फिजिओ_मीरा
तुमचा अनुभव आणि तो प्रयोग यांच्यात भांडण नाही, दादा. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही डेडलिफ्ट केली होती का?

पेठेचा_वाघ
नाही. लग्नाच्या धावपळीत आठवडाभर जिम बंद होती.

फिजिओ_मीरा
मग बघा, स्नायू ताजे होते, दुरुस्तीला काही नव्हतंच. शिवाय एकदाच जोर लावून वजन उचलणं हे काम दुसऱ्या दिवशी सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सतत धावण्याचं काम. रग्बी खेळाडूंवर एक जुना अभ्यास आहे. नेहमीच्या सवयीइतकी प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांची दमसासाची क्षमता दहा-अकरा टक्क्यांनी घटली होती, पण झटक्यात जोर लावायच्या कामात तसा फरक दिसला नव्हता. विंगवरच्या खेळाडूचं काम पहिल्या प्रकारचं आहे.

जुनी_तालीम
आमच्या काळी तालमीत हा प्रश्नच नव्हता. पहाटे उठून जोर-बैठका, मग लढती, मग थंडाई. बदाम वस्तादांच्या समोर बसून घोटायचे. संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि रात्री गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. पेल्यावर फेस यायचा आणि मिशा पांढऱ्या व्हायच्या. कुणी पिऊन आलाय असा नुसता संशय आला तरी वस्ताद आखाड्याची पायरी चढू देत नसत. झोप नऊला. हजार बैठका मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजार मारायच्या तर मधली रात्रच उपयोगाची, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

नादखुळा_७७
आण्णा, कट्ट्यावर आजही गर्दी असते. मी जातो, पण आता सगळे मोबाईलवर फेसाचा फोटो काढतात आणि दूध गार होतं.

घाट_धावपटू
जुनी तालीम आण्णांनी झोपेचं काढलं म्हणून माझं सांगते. मी वीकेंडला पन्हाळ्याच्या रस्त्यावर धावते. मनगटावर घड्याळ असतं, ते झोपेतले ठोके मोजतं. एरवी रात्री माझे ठोके पन्नाशीच्या वरच्या भागात असतात. दोन ग्लास वाईन झाली की त्या रात्री ते साठीच्या वरच्या भागात जातात आणि पहाटेपर्यंत उतरत नाहीत. झोप लवकर लागते, पण तीन-साडेतीनला डोळे उघडतात ते उघडतातच. सकाळी चढावर नेहमीच्या वेगाला श्वास लागतो.

एक गंमत लक्षात आली. चढ कसाबसा निघतो, पण जास्त त्रास उतरताना होतो. गुडघ्याच्या वरचा भाग थरथरतो, पाय नीट थांबत नाही. मीराताई, तुम्ही खाली बसण्याबद्दल जे लिहिलंत ते हेच का?

फिजिओ_मीरा
उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ब्रेक लावतो, म्हणजे ताणला जात असतानाच जोर लावतो. म्हणून इजा तिथं जास्त होते हे खरं. पण तुम्ही आदल्या रात्री घेताय आणि उतार सकाळी उतरताय, म्हणजे तुमच्याकडं क्रम उलटा आहे. थरथर आदल्या रात्रीच्या कमी झोपेची असू शकते, वेगानं चढ चढल्यामुळं असू शकते, पाणी कमी पडल्यामुळंही असू शकते. एकाच गोष्टीवर बोट ठेवणार नाही.

ठोक्यांचं मात्र अगदी बरोबर आहे. दारू उतरत असताना शरीर विश्रांतीला जात नाही. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ वाटते, उत्तरार्धात तुटते आणि स्वप्नांची झोप कमी होते. हे थोड्या प्रमाणातही होतं. त्यासाठी चार लार्ज लागत नाहीत.

लोखंडी_दादा
सगळं ठीक, पण पाण्याचा मुद्दा कुणी खोडला नाही. आणि प्रोटीनचं काय? मी म्हटलं होतं की शेक आणि मटण असलं की भरून निघतं.

फिजिओ_मीरा
पाण्याचं तुमचं बरोबर आहे, दादा, आणि मीही तेच सांगते. मेंदू मूत्रपिंडाला "पाणी धरून ठेव" असा जो निरोप देतो, तो दारूनं अडतो. कोल्हापुरात एप्रिलमध्ये साडेसहाची मॅच आठला संपते तेव्हा चांगलंच ऊन असतं, तिथं हे बोचतं. फक्त पाण्यानं लघवीचा रंग सुधारतो, स्नायूची दुरुस्ती सुरू होत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.

प्रोटीनचं अर्धं बरोबर आहे. मेलबर्नला २०१४ मध्ये हेच तपासलं. कठीण व्यायामानंतर नुसतं प्रोटीन, प्रोटीन आणि दारू, किंवा पिठूळ पदार्थ आणि दारू असे तीन प्रकार केले. स्नायूंत नवं प्रथिन तयार होण्याचा वेग मोजला. प्रोटीन घेऊनही दारू असताना वेग नुसत्या प्रोटीनपेक्षा २४ टक्के कमी निघाला. प्रोटीन नसताना ३७ टक्के. म्हणजे तुमच्या शेकनं काहीतरी वाचतं हे खरं, पण सगळं वाचत नाही. तिथं दारूचं प्रमाण किलोमागं दीड ग्रॅम होतं, म्हणजे रंकाळांच्या पार्टीपेक्षा बरंच जास्त. त्यामुळं तोच आकडा त्यांना लावू नका.

कायद्याचं_बोला
थोडं वेगळं लिहितो, पण महत्त्वाचं आहे. रविवारी साडेसहाला तुम्ही ग्राउंडवर कसे जाता? बाईकवर ना? ८० ग्रॅम पोटात गेलं, शरीर तासाला साधारण आठ ग्रॅमच्या आसपास जाळतं. नऊपासून मोजलं तर दहा तास, म्हणजे सात वाजतात. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सहाला बाईक काढताना तुम्ही त्या रेषेच्या जवळपासच असता, आणि ज्याचं शरीर हळू जाळतं तो वर असतो. झोपून उठलो म्हणजे उतरली असं नसतं. झोपेत वेग वाढत नाही.

रंकाळा_राईट_विंग
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. साडेसहाला पहिला पास देताना दारू अजून रक्तात आहे, म्हणजे ती "आदल्या रात्रीची" कसली! आता मॅचला चालत जाईन किंवा कुणाच्या मागं बसेन.

मीराताई, जेवण आधी केलं तर फरक पडेल का? आम्ही पेग आधी आणि तांबडा-पांढरा शेवटी घेतो.

फिजिओ_मीरा
पडतो. पोटात मटण-भाकरी असेल तर दारू हळूहळू रक्तात चढते आणि शिखर खाली राहतं. पण आत गेलेले ८० ग्रॅम शेवटी जाळायचेच असतात, त्यात सूट नाही. जेवण आधी घ्या ते दुसऱ्या कारणासाठी. चार पेगनंतर कुणी नीट जेवत नाही, चार घास रस्सा-भात आणि झोप. व्यायामात खर्च झालेली स्नायूंमधली साखर भरायला भाकरी-भात पोटात जावा लागतो. रविवारच्या दुसऱ्या हाफला तुम्ही त्याच साठ्यावर पळता. तुमची दुसऱ्या हाफची तक्रार मला यामुळं जास्त समजते.

कागल_केटलबेल
मी लेग डेनंतर पार्टीला बसायच्या आधीच एक आयबुप्रोफेन घेतो. दुसऱ्या दिवशी पाय हलके राहतात. हा उपाय कुणी सांगितला नाही म्हणून लिहिलं.

फिजिओ_मीरा
कृपया हे थांबवा. त्या गोळीनं पोटाच्या अस्तराला त्रास होतो, दारूनंही होतो, दोन्ही एकत्र आले की रक्तस्राव होऊ शकतो. वर घाम गेलेला, पाणी कमी झालेलं, अशा वेळी मूत्रपिंडावरही ताण येतो. पॅरासिटामॉल हा त्यावर पर्याय समजू नका. जास्त पिणाऱ्याला ती यकृताला बाधते.

सगळ्यांनीच एक लक्षात ठेवा: अतिकठीण व्यायाम आणि भरपूर दारू यांनंतर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या फुगून कडक झाल्या, तर पाणी पिऊन वाट बघत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकण्याची ती खूण असते.

पेठेचा_वाघ
बरं, मग किती घेतली तर चालेल? तेवढं सरळ सांगा.

फिजिओ_मीरा
"चालेल" हा शब्द मी वापरणार नाही, पण हाताशी असलेली माहिती सांगते. मॅसीच्याच गटानं किलोमागं अर्धा ग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा ताकद जास्त उतरल्याचं दिसलं नाही. ७४ किलोच्या माणसाला ते ३७ ग्रॅम, म्हणजे दोन लार्जच्या थोडं आत. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर एकटीच ४० ग्रॅमच्या वर जाते, त्यामुळं "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणारा आधीच रेषेवर असतो. आणि हे फक्त स्नायूच्या ताकदीबद्दल आहे. झोपेचं नुकसान त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं.

घाट_धावपटू
हे सगळे प्रयोग पुरुषांवरच झालेत का? माझं वजन ५६ आहे.

फिजिओ_मीरा
बहुतेक पुरुषांवरच. स्त्रियांवर याच पद्धतीनं झालेल्या कामात ताकदीतला तसा फरक आढळला नाही. कारण पक्कं ठरलेलं नाही, इस्ट्रोजेन स्नायूला वाचवतं असा एक तर्क आहे. म्हणून बायकांनी जास्त प्यावी असा अर्थ मात्र काढू नका. त्याच दोन ग्लासांत तुमच्या रक्तात प्रमाण जास्त चढतं.

रंकाळा_राईट_विंग
आता मूळ प्रश्नावर येतो. रविवारचं कळलं: दारू रक्तात शिल्लक, झोप तुटकी, भात-भाकरी कमी आणि वर शनिवारी दमवलेले पाय. पण मंगळवारचं काय? शनिवार संध्याकाळपासून मंगळवार संध्याकाळ म्हणजे ७२ तास होतात. इतका वेळ दारूचा परिणाम टिकतो?

फिजिओ_मीरा
तो प्रयोग ६० तासांपर्यंतच मोजत होता, त्यामुळं ७२ तासांबद्दल मी त्याच्या नावानं काही सांगू शकत नाही. मला रविवारच्या मॅचचा संशय जास्त आहे. सावरत नसलेल्या पायांवर तुम्ही तासभर थांबत-वळत पळताय. थांबताना आणि दिशा बदलताना मांडी पुन्हा ब्रेक लावते, म्हणजे इजेवर इजा होते. मंगळवारचं जड वजन त्याचंही असू शकतं.

वेगळं काढायचं असेल तर लेग डे गुरुवारी न्या, शनिवारी हवं तर छाती-खांदे करा, बाकी शनिवार-रविवार आहे तसाच ठेवा. चार-पाच आठवडे बघा. मंगळवारी वॉर्मअपनंतर नेहमीच्या वजनावर पहिल्याच सेटमध्ये किती वेळा स्वच्छ उठता, एवढंच वहीत लिहा. पाय दुखतात का ते लिहू नका, त्यावरून कळत नाही हे वर आलंच आहे. मंगळवार सुधारला आणि रविवारचा दुसरा हाफ तसाच राहिला, तर मंगळवारचा दोष लेग डेच्या वेळेचा आणि रविवारचा रात्रीचा.

लोखंडी_दादा
हे मला पटलं. माझ्याकडं शनिवारी संध्याकाळी पायांसाठी गर्दी असते, कारण रविवारी सुट्टी, दुखलं तरी चालतं असा हिशेब. त्यातले अर्धे तिथूनच पार्टीला जातात. त्यांचा लेग डे गुरुवारी घेऊन बघतो. पाणी मात्र मी सांगतच राहणार.

जुनी_तालीम
गुरुवारी घ्या, शुक्रवारी घ्या. पण एक विचारतो, मॅच रविवारी सकाळी साडेसहालाच का? संध्याकाळी पाचला ठेवली तर या पोराला साडेदहा तास जास्त मिळतील.

रंकाळा_राईट_विंग
आण्णा, रविवारी संध्याकाळी ग्राउंड मिळत नाही, पोरांचे सामने असतात. तरी संघात विचारतो. लेग डे या आठवड्यापासून गुरुवारी. आणि शनिवारी भाकरी आधी, पेग नंतर, हे मित्रांना सांगितलंय. दोघे तयार झालेत, तिसरा म्हणतोय रस्सा शेवटीच पाहिजे.

पेठेचा_वाघ
त्या तिसऱ्याला रविवारी गोलकीपर करा.